कँडी क्रशचा तलाठी

आमचे तात्या चौतीस वर्षं तलाठी होते. निवृत्तीनंतर सातबारा सुटला, पण उतारा वाचायची सवय सुटली नाही. हल्ली ते कँडी क्रशचे स्क्रीनशॉट वाचतात. नात्यातल्या कुणाचीही लेव्हल अडली, की चित्र तात्यांकडे येतं आणि खाली एकच ओळ असते, 'हे कसं पास करायचं?' विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं. तात्या पंचनामा करतात.

परवा सांगलीहून सुमनकाकूचा स्क्रीनशॉट आला. तात्यांनी चष्मा पुसला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि गोळ्यांकडे न बघता आधी वरची पट्टी वाचली. "मूव्ह अकरा, जेली सात. मुदत आधी बघावी, जमीन मग." मग त्यांनी जेली कुठं उरलीय ते पाहिलं. चार अगदी डावीकडच्या उभ्या ओळीत, तीन मधोमध. "मधल्या आपसूक निघतील. भांडण नेहमी बांधावर असतं. कडेच्या चौकोनाला शेजारी कमी, म्हणून तिथं तीन जुळायचे योगही कमी." शेवटी नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथं तीन चौकोन चॉकलेट होतं. तात्यांचा चेहरा पडला. "अतिक्रमण!"

चॉकलेटचा कायदा तात्यांना तोंडपाठ आहे. ज्या मूव्हमध्ये चॉकलेटचा एकही तुकडा फुटला नाही, त्या मूव्हनंतर ते शेजारचा एक चौकोन गिळतं. लगत तीन गोळ्या जुळवल्या की तुकडा फुटतो आणि त्या मूव्हपुरती वाढ थांबते. मुळासकट काढलं तर परत उगवत नाही, फक्त पटावर चॉकलेट ओकणारं यंत्र नसावं. इथं नव्हतं. म्हणून तात्यांचा पहिला हुकूम : "आधी अतिक्रमण हटवा. उजवीकडे खोदलं तर उजवीकडचेच उभे रकाने खाली सरकतात, डावीकडचा माल जागेवर राहतो. नशिबानं वरून भलतंच काही जुळलं नाही तर."

डावीकडे काय माल होता ते फक्त तात्यांना दिसलं होतं. एका आडव्या ओळीत पहिली, तिसरी आणि चौथी गोळी पिवळी होती आणि दुसऱ्या जागेच्या बरोबर वर आणखी एक पिवळी. ती खाली ओढली की चार आडव्या जुळतात आणि उभ्या पट्ट्यांची गोळी तयार होते. ती फोडली की अख्खी उभी ओळ साफ. "पण ती जन्मते दुसऱ्या रकान्यात आणि जेली आहे पहिल्यात," तात्या बोट नाचवत म्हणाले. "इथंच लोक फसतात. ती तिथंच फोडतात आणि शेजाऱ्याचं शेत नांगरून येतात!" पहिल्या रकान्यातली पिवळी फुटल्यावर तिच्या जागी वरची लाल उतरणार होती. त्या लालच्या डोक्यावर एक पिवळी, पायाशी एक पिवळी. मग पट्टेवाली डावीकडे सरकवली की तीन उभ्या जुळतात आणि चारही जेली एका फटक्यात खलास.

तात्यांनी हे सगळं एका बोटानं टाइप केलं. त्याला पंचवीस मिनिटं लागली. तोवर काकूचं उत्तर आलं, "भाऊजी, तुम्ही लिहिताय तोवर एक सरकवून बघितली. गेमच हलवून दाखवत होता."

तात्या हतबुद्ध झाले. "अहो वहिनी, थोडा वेळ हात थांबला की गेम गोळ्या हलवून दाखवतो, ती फक्त चालणारी मूव्ह असते. कामाची असेलच असं नाही! तुमची लाल गेली ना?" लाल गेली होती. योजनेचा पायाच निखळला होता.

स्क्रीनशॉटवाल्या सल्ल्याची खरी गोम हीच. चित्र एका क्षणाचं असतं. वरून कोणत्या रंगाची गोळी पडणार ते त्यात नसतं आणि हरून पुन्हा सुरू केलं की पट नव्यानं मांडला जातो. तात्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून निरोपाच्या शेवटी ते नेहमी लिहितात, "गोळ्या बदलतील, क्रम बदलू नये. आधी चॉकलेट, मग कडा, मग मधलं." ही ओळ आजवर कुणी वाचलेली नाही, कारण ती निरोपाच्या शेवटी असते.

काकू त्या डावात हरल्या. त्याबरोबर शेवटचा जीवही गेला. अर्ध्या तासानं एक परत मिळाला, तेव्हा तात्यांनी सुधारित योजना पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं. "पास झालं भाऊजी! काही न बघता खालची एक सरकवली, सगळं धडाधड आपोआप फुटलं."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चालायचंच. तालुक्यालाही माझी निम्मी प्रकरणं अशीच निकाली निघायची."

एवढ्यात फोन वाजला. पुढच्या लेव्हलचा स्क्रीनशॉट आला होता. या वेळी वरची पट्टीच कापली गेली होती.