तिसऱ्याची आशा

आमच्या हिंगोली जिल्ह्याची ओळख विचारली तर लोक हळदीचा बाजार सांगतात, औंढ्याचं ज्योतिर्लिंग सांगतात, फार तर कयाधूच्या काठावरची नर्सी. विनोदासाठी आम्हाला कुणी ओळखत नाही. पण नर्सीचे नामदेव आणि औंढ्याचे विसोबा खेचर यांच्यामधली ती जुनी कथा मी जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा ती मला एका फार चांगल्या विनोदासारखी वाटते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि हे मडकं कच्चं आहे असा निकाल लागला. भाजून निघण्यासाठी नामदेवांना औंढ्याला विसोबांकडे जावं लागलं, तर विसोबा देवळात पिंडीवर पाय टाकून निवांत पडलेले. पाय काढा, असं नामदेवांनी म्हणताच म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं की जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलत राहिले आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड उगवत राहिली.

यात उपदेश कुठेच नाही. समोरच्याचीच मागणी सरळपणे मान्य करायची आणि ती अमलात आणायचं काम त्याच्याच हाती द्यायचं, एवढीच युक्ती. उत्तम चारोळीला याहून जास्त काही लागत नाही. गंमत म्हणजे विसोबांचं नावही तसंच. आळंदीच्या भावंडांना आधी छळणाऱ्या या माणसाला झिडकारताना ‘खेचर’ म्हटलं गेलं, अशी आख्यायिका आहे. खेचर म्हणजे घोडा-गाढवामधलं ते ओझ्याचं जनावर, आणि खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा सिद्धही. विसोबांनी ती शिवी आयुष्यभर नावासारखी मिरवली. तिच्यात दडलेली पदवी त्यांना तेव्हाच दिसली होती की पुढे मिळवावी लागली, हे कथा सांगत नाही.

कच्च्या मडक्यांवरून मला आजीचं कोडं आठवतं. ज्ञानदेवांच्या नावावर सांगितली जाणारी एक कूट रचना आहे, काट्याच्या टोकावर वसलेल्या तीन गावांची. आजी मूग निवडायला बसली की ती म्हणायची आणि आम्ही पोरं पोट धरून हसायचो. “कामून हसतूस रं?” ती विचारायची, आणि तिला स्वतःलाच हसू फुटायचं. तीन गावांपैकी दोन उजाड असतात आणि तिसऱ्यात वस्तीच होत नाही. त्या वस्ती नसलेल्या गावात तीन कुंभार येतात, दोघे थोटे, तिसऱ्याच्या हातून काही घडत नाही. ज्याच्या हातून घडत नाही तोच तीन मडकी घडवतो. मडकी भाजली जात नाहीत, तरी त्यांत मूग रांधले जातात. मूग शिजत नाहीत, तरी पाहुणे येतात. पुढे म्हशी, नाणी, नाण्यांचे पारखी असं करत मजल शेवटी बुक्क्यांवर येते.

परदेशी निरर्थ कवितेचा मासला म्हणून लुईस कॅरलचं नाव हमखास निघतं. 1871 सालच्या त्याच्या पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध कवितेत शब्द अनोळखी आहेत, पण घटना ओळखीची : मुलगा जातो, राक्षस मारतो, परत येतो. आजीच्या कोड्यात नेमकं उलटं आहे. गाव, कुंभार, मूग, म्हैस, सगळे शब्द अंगणातले, आणि घडतं ते मात्र एकही घडू न शकणारं. म्हणूनच ते जास्त चकवतं. अनोळखी शब्द लागला की माणूस सावध होतो. मुगाला कोण सावध होणार?

अशा रचनेत खरंच काही दडलंय की नुसती मौज आहे, हे ओळखायची रीत मला धाकट्या भावानं नकळत शिकवली. आजीला चिडवायला तो शब्द बदलायचा. मुगाऐवजी तूर घातली, कोड्याला काही झालं नाही. म्हशीऐवजी गाई आणल्या, तरी चाललं. मग त्यानं मडक्यांआधी पाहुणे आणले आणि सगळं कोसळलं, कारण पाहुण्यांना जेवायला मूग हवेत आणि मुगांना मडकं. जे बदललं तरी चालतं ती सजावट; जे हलवता येत नाही तिथे अर्थ धरून बसलेला असतो. इथे हलत नाही तो क्रम. वस्ती, कारागीर, भांडं, अन्न, पाहुणचार, गुरंढोरं, पैसा, पारख : अख्ख्या गावाचा संसार ओळीनं उभा राहतो, आणि त्याचा पायाच मुळात नाही. जे झालंच नाही त्याच्या पोटी पुढचं सगळं होत जातं.

तीनचा आकडाही हलत नाही. दोनच कुंभार असते तर दोघे थोटे म्हणून गोष्ट संपली असती; पाच असते तर ऐकणारा कंटाळला असता. तीन असले की दोघांचं वाटोळं ऐकूनही कान तिसऱ्याकडे लागतो. हा तरी धड असेल! तोही नसतो. पुढच्या खेपेला पुन्हा तसाच कान लागतो. आम्ही हसायचो ते थोट्या कुंभारांना नव्हे, प्रत्येक वेळी नव्यानं फसणाऱ्या आमच्याच आशेला. आजीनं बाजारात, पावसात आणि पोरांत किती तिसरे बघितले असतील, हे तेव्हा कुठे सुचत होतं.

आजच्या वात्रटिकेलाही हीच कसोटी लावून बघता येते. पाडगावकर, फुटाणे यांच्यानंतर ती वर्तमानपत्राच्या चौकटीत घरोघरी पोचली, आणि यमक जुळवणाऱ्यांची ददात राहिली नाही. मीही एक जुळवली होती :

टँकर आला, टाळ्या पडल्या,
फोटो निघाले चार;
पाणी म्हणालं, फोटो धुतो,
मग तुमचा विचार.

यातलं ‘चार’ काढून ‘सहा’ केलं तर फक्त यमक मोडतं, बोलायचं ते तसंच राहतं. ‘धुतो’ काढलं तर मात्र हाती काही उरत नाही. तहानलेल्या गावाचं पाणी फोटोच्या कामी गेलं, ही एकच गोष्ट त्या क्रियापदावर लटकलेली आहे. पण परवा पुतण्याला ती ऐकवली तर तो म्हणाला, “काका, फोटो कशाला धुवायचे?” मोबाईलवर वाढलेल्या पोराला फोटो धुतात हेच ठाऊक नाही. श्लेष असा दुधासारखा नासतो. टँकर मात्र अजून येतो.

आजीच्या कोड्याचे अर्थ कीर्तनकार वेगवेगळे लावतात. कुणी तीन गावं म्हणजे सत्त्व, रज, तम सांगतात, कुणी जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती. दोन्ही अर्थ बसतात, हेच मला जरा संशयास्पद वाटतं. कुलपाला दोन किल्ल्या लागल्या की कुलपावरचा विश्वास कमी होतो. एकदा एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर मी बुवांना गाठलं आणि विचारलं, की गुण असोत नाहीतर अवस्था, शेवटी त्या न दिसणाऱ्या पारख्याला तीन बुक्क्या मारल्या जातात, दोन हुकतात आणि तिसरी लागत नाही, त्या बुक्क्या कोणत्या?

बुवा उपरणं झटकत म्हणाले, “त्या अर्थ विचारणाऱ्याला असतात, बापू. लागल्या का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरोबर आहे,” म्हणून ते पंगतीकडे गेले.