आधी श्रेयांक, मग आजार

आमच्या प्रवेशप्रक्रियेची शिस्त वाखाणण्याजोगीच आहे. समजा, मंठ्याच्या एका मुलीला अभियांत्रिकीची जागा मिळाली आणि त्याच आठवड्यात तिच्या रक्तात ल्युकेमिया सापडला. त्यावरचा उपचार अनेकदा दोन वर्षांहून जास्त चालतो आणि सुरुवातीचे महिने सर्वांत कडक. केमोथेरपीच्या तारखांचा तक्ता जोडून तिने नम्र अर्ज केला: जागा वर्षभर राखून ठेवावी.

परदेशातली बरीच विद्यापीठे असा अर्ज मान्य करतात. बिचाऱ्यांकडे नियमांचा कणखरपणा नाही. आपल्याकडे ठरलेल्या तारखेला कागदपत्रांसह हजर राहायचे, नाहीतर जागा पुढच्या फेरीत. सीईटीचे गुणही त्याच वर्षापुरते, म्हणजे पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा. शिवाय मधल्या वर्षात आपण काय करत होतो, याचे प्रतिज्ञापत्र. सलाइनवर असताना अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, हे शपथेवर सांगायला नको?

आता पांढऱ्या पेशींनाही कॅप फेऱ्यांचे वेळापत्रक पाठवावे. शेवटची फेरी संपेपर्यंत वाढू नये, अशी तळटीप पुरेल.

नव्या शैक्षणिक धोरणात मात्र सोय आहे. शिकताना मध्येच बाहेर पडता येते, आणि मिळवलेले श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत टिकतात. तेव्हा विद्यार्थ्यांना विनंती, आधी प्रवेश घ्या, थोडे श्रेयांक कमवा आणि मगच आजारी पडा. तेवढे जमत नसेल, तर प्रवेश मुदतीच्या आत रद्द करा. शुल्क परत मिळायलाही शेवटची तारीख आहे.