‘मिनिट्स’ टाकणाऱ्या मित्रास खुले पत्र

प्रिय फोटोग्राफर मित्रा,

सोमवारी, ३ तारखेला, प्रोजेक्टची मीटिंग संपल्या संपल्या तू ग्रुपवर व्हाइटबोर्डचा फोटो टाकलास, खाली ‘मिनिट्स’ लिहिलंस आणि चहाला पळालास. दीड तासाची चर्चा एका क्लिकमध्ये मिटवणारा तू पहिलाच!

फोटो कलात्मक आहे यात वाद नाही. पंपाबद्दलच्या ओळीवर ट्यूबलाइटचा झगझगीत पट्टा आलाय. थोडं बाजूला सरकून काढला असतास तर तो टळला असता, पण मग कलेचं काय? वर तो साध्या फोटोसारखा पाठवलास, त्यामुळे बारीक अक्षरं आणखी पुसट झाली. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता बोर्ड वाचू. मी आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं, लागत नव्हतं तिथे ‘अस्पष्ट’ लिहिलं. मग कळलं की बोर्डावर बहुतेक चर्चाच आहे, निर्णय थोडेच. ‘रेझिस्टिव्ह’वर काट आणि ‘कपॅसिटिव्ह’भोवती गोल, हा निर्णय. कारण फोटोत नाही, पण मला आठवतं: रेझिस्टिव्ह सेन्सरच्या उघड्या पट्ट्या ओल्या मातीत गंजतात आणि रीडिंग भरकटतं. ते कारण मी एका ओळीत लिहिलं, नाहीतर रिव्ह्यूला परीक्षक विचारतील आणि आपण एकमेकांची तोंडं बघू. ‘ॲप?’ला मात्र कुणी गोल केलेला नाही. तो प्रलंबित मुद्द्यांत गेला. प्रश्नचिन्हाला निर्णय म्हणायची सोय नाही रे.

‘रिपोर्ट प्र. ३ – स – शुक्र’ ही तर तुझी सर्वोत्तम रचना. आपल्या पाच जणांत तिघांची नावं ‘स’वरून सुरू होतात, आणि तिघंही काम दुसऱ्या ‘स’चं आहे असं समजून निवांत आहेत. शुक्रवारही दोन आहेत, ७ आणि १४. रिव्ह्यू १८ला आहे आणि सरांना वाचायला आठवडा लागतो, म्हणून मी ७ धरलाय. पण तो माझा अंदाज आहे, म्हणून पुढे ‘खात्री करायची’ असं लिहिलंय. नावाच्या रकान्यात तिघांना घातलेलं नाही. एकाचंच पूर्ण नाव येईल, बाकीचे हवी तेवढी मदत करोत. ‘टेस्टिंग – सगळे’ या ओळीचंही तेच: सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे मागच्या रिव्ह्यूला सरांसमोर सिद्ध झालंय.

मिनिट्सचा मसुदा ग्रुपवर टाकलाय. दुरुस्त्या आज रात्री दहापर्यंत कळवा, सकाळी सरांना जाईल. मूळ फोटोखेरीज तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात: प्रकरण तीन नेमकं कोणत्या ‘स’चं, आणि त्या झगझगीत पट्ट्याखाली पंप १२ व्होल्टचा लिहिलाय की ५चा? बोर्ड पुसलाय, हे सांगायला नकोच. तोही तूच पुसलास.

तुझाच,
तिघांपैकी एक ‘स’