काठीने काढलेला मुद्देमाल

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे वाशिमच्या कोर्टाबाहेर चहा विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग कोठडीत कबुलीसाठी हात का उचलला जातो? जो कागद न्यायाधीश बाजूलाच ठेवणार आहेत, त्यासाठी रात्र कोण जागवेल?

कारण काठी कबुलीसाठी नसतेच. ती मुद्देमालासाठी असते.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 23 उघडून बघा. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असं ते सुरुवातीला ठणकावून सांगतं. कोठडीतला माणूस कबूल झाला तर ते मॅजिस्ट्रेटसमोरच व्हायला हवं, असंही सांगतं. आणि शेवटी एक परंतुक जोडतं: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर त्या गोष्टीशी थेट जोडलेला माहितीचा तुकडा पुराव्यात येईल, मग तो कबुलीचा भाग असला तरी. जुन्या कायद्यात हे कलम 27 होतं. नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला, पण बाररूममध्ये अजूनही 'सत्तावीसची रिकव्हरी' हाच शब्द चालतो.

ही रिकव्हरी होते कशी, ते एका कल्पित गुन्ह्यावर पाहू. समजा, रिसोड तालुक्यातल्या एका गोदामातून सोयाबीनची तीस पोती गेली. संशय कोणावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जवळच्या पारधी बेड्यावरून एक पोरगा उचलला जातो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच्या पणज्याला जन्मापासून चोर ठरवलं होतं. तो शिक्का कायद्याने 1952 मध्ये पुसला, पण ठाण्यातल्या संशयाच्या यादीत तो अजून वर आहे. दोन दिवस पोरगा कोठडीत असतो. तिसऱ्या दिवशी दोन पंच बोलावले जातात आणि मेमोरंडम पंचनामा लिहिला जातो: 'मी पोती चोरली असून नाल्याकाठच्या पडक्या खोलीत लपवून ठेवली आहेत, चला, दाखवतो.' खाली सही किंवा अंगठा. मग सरकारी गाडी, पुढे आरोपी, मागे पंच, खोलीत पोती, जप्ती पंचनामा, लेबल, लाखेचं सील.

कोर्टात या वाक्यावर कात्री चालते. 'मी चोरली' एवढं कापलं जातं, 'लपवून ठेवली आहेत, दाखवतो' एवढं राहतं. ही कात्री 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात घालून दिली आणि ती आजही तशीच चालते. कौन्सिलने एक गोष्ट फार नेमकी सांगितली होती: सापडलेली गोष्ट म्हणजे नुसतं पोतं नव्हे. ते कुठे होतं आणि ते तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं, हे दोन्ही त्यात आलं. ते पोतं चोरीचं आहे, हे मात्र वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. इतकी बारकाई! पण त्या मधल्या दोन दिवसांत काय झालं, याबद्दल परंतुकात एक अक्षर नाही.

ते दोन दिवस शोधायचे कसे? पोरगा मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो, शेजारी तोच शिपाई असतो. साहेब विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' पोरगा म्हणतो, 'नाही.' रिमांडच्या कागदावर 'तक्रार नाही' अशी नोंद होते आणि पुढे वर्षानुवर्षं ती त्याच्याच अंगावर येते: मारलं होतं तर तेव्हाच का नाही बोललास? बोलला असता तर परत त्याच कोठडीत गेला असता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर अंगावरचं बघतात, पण तळपायावर पट्टा बसला असेल तर बाहेरून फारसं दिसत नाही. माणूस टाचा टेकवत नाही, चप्पल घालताना तोंड वाकडं करतो, एवढंच दिसतं. पायांकडे न बघता 'बाह्य जखम नाही' असं लिहिलेलं प्रमाणपत्र काही सिद्ध करत नाही.

त्यात नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 ने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्याने घेण्याची मुभा दिली आहे. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते केव्हाही मागता येतात. म्हणजे जेलमध्ये गेल्यावर तोंड उघडलं तर आपल्याला परत नेतील, ही भीती आता आठवडे पुरते. कलम 105 प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, ते चांगलंच आहे. पण कॅमेरा सुरू होतो तो पडक्या खोलीच्या दाराशी. त्याआधीच्या दोन रात्रींचं चित्रीकरण हे कलम मागत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फालतू नाही. पोती खरीच चोरीची निघाली तर? पोती तर खोटं बोलत नाहीत! काठीबद्दल पोलिसाला वेगळी शिक्षा करा, पण पुरावा का फेकायचा? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पूरनमल प्रकरणात जवळपास हाच रस्ता धरला: झडती बेकायदा असली तरी हाती लागलेला पुरावा केवळ तेवढ्यासाठी बाद होत नाही. पण ते प्रकरण आयकराच्या झडतीचं होतं. कपाट फोडणं आणि माणूस फोडणं एका मापाने मोजता येत नाही. 1961 मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने काठी कालू ओघड खटल्यात हा फरक मान्य केला होता. सक्तीने काढलेली माहिती असेल तर सत्तावीसच्या पुराव्यालाही राज्यघटनेचं कलम 20(3) आडवं येतं, असं त्या निकालाचं सांगणं आहे. म्हणजे कायदा आहे. पण सक्ती झाली हे दाखवायचं कोणी? ज्याला मारलं त्याने, तेही चार भिंतींआड जे घडलं त्याबद्दल!

जर्मनीने या प्रश्नाला सगळ्यात अवघड जागी तोंड दिलं. 2002 मध्ये फ्रँकफर्टला एका अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं आणि मॅग्नस गेफ्गेन पकडला गेला. मूल जिवंत असेल या आशेने पोलीस उपप्रमुखाने त्याला यातना देण्याची धमकी द्यायला लावली. गेफ्गेनने जागा सांगितली, पण मुलाचा जीव आधीच गेला होता. तिथल्या कोर्टाने चौकशीतली सगळी वक्तव्यं बाद केली, मृतदेह मात्र पुराव्यात ठेवला. खटल्यात गेफ्गेनने पुन्हा, स्वतःहून कबुली दिली आणि जन्मठेप झाली. त्या पोलीस अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवण्यात आलं. 2010 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने धमकीसुद्धा अमानुष वागणुकीवरच्या बंदीचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी, असं सांगितलं. शिक्षा टिकली ती त्या दुसऱ्या, मोकळ्या कबुलीवर. आणि प्रत्यक्ष यातना देऊन काढलेली वस्तूही पुराव्यात चालणार नाही, हे न्यायालयाने तिथेच बजावलं. मला हे पटतं. बंदीला अपवाद ठेवला की ती बंदी राहत नाही, आणि मुद्देमालाचा अपवाद तर रोज वापरला जाणारा आहे.

शिवाय पोती खोटं बोलत नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. पडक्या खोलीत पोती आधी कोणी ठेवली, हे पोती सांगत नाहीत. म्हणून 2022 मध्ये सुब्रमण्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आरोपी काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, पंचांसमोर नोंदलेलं हवं आणि तपास अधिकाऱ्याने ते कोर्टात सांगायला हवं. म्हणून मेमोरंडम हातात आला की आधी भाषा बघावी. 'सदर मुद्देमाल मी गुन्हा करून लपवून ठेवला असून' असं बेड्यावरचा पोरगा कधी बोलतो का? पंच एकाच ठाण्याच्या इतर गुन्ह्यांतही तेच आहेत का? ठाण्याच्या डायरीतली निघाल्याची वेळ पंचनाम्याशी जुळते का? जागा पोलिसांना आधीच माहीत असेल, तर तो शोध उरतच नाही.

आणि मार खाऊन निघालेल्या पुराव्याने पीडितांना काय मिळतं, तेही बघू. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. खटला मकोकाखाली चालला, आणि मकोकाच्या कलम 18 मध्ये पोलीस उपायुक्तापुढची कबुलीही चालते, म्हणजे साध्या कायद्याने बंद केलेलं पहिलं दारही तिथे उघडं आहे. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या पीठाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांशी हुबेहूब जुळत होते, वैद्यकीय नोंदी छळाच्या आरोपाला पुष्टी देत होत्या, आणि जप्त स्फोटकांचं सील व सांभाळ सिद्ध होत नव्हता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर मकोका खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये पाठवलं नाही. एकोणीस वर्षं गेली. त्या डब्यांत मेलेल्यांच्या घरच्यांना बॉम्ब कोणी ठेवला याचं उत्तर मिळालेलं नाही.

मारून काढलेला पुरावा भरवशाचा नसतो, हे इंग्रजांनाही कळलं होतं. 1855 मध्ये मद्रासच्या यातना आयोगाने महसूल आणि पोलीस खात्यातल्या छळाचा अहवाल दिला, आणि 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढची कबुली बाद झाली. सापडलेल्या गोष्टीचा अपवादही त्याच संहितेत शिरला. दीडशेहून जास्त वर्षं तो तसाच आहे. भारताने यातनाविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. 1985 मध्येच विधी आयोगाने सुचवलं होतं, की कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाने गृहीत धरता यावं आणि तसं नसेल तर पोलिसांनी सिद्ध करावं. 2017 च्या 273 व्या अहवालात आयोगाने ते पुन्हा सांगितलं. 2023 मध्ये अख्खा साक्ष्य कायदा नव्याने लिहिला, तेव्हा ही एक ओळ घालायला जागा होती. घातली नाही.

ती येईपर्यंत वाशिम, कारंजा, मंगरुळपीरच्या वकिलांच्या हातात एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या परमवीरसिंग सैनी आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, सीसीटीव्ही हवा आणि चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला हवं. खटला उभा राहीपर्यंत ते पुसलं गेलेलं असतं. म्हणून अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यावा, ठाण्याचं नाव आणि अटकेची वेळ लिहून, तिथपासून मेमोरंडम होईपर्यंतचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश मागावा. त्याच अर्जात तळपायांसह पुन्हा वैद्यकीय तपासणी मागावी. आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तक्रारीचा प्रश्न विचारण्याआधी शिपायाला दाराबाहेर उभं करावं.