हप्त्याने खरं बोलणारे नाना

नाना खोटं बोलत नाहीत. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं आहे. ते फक्त खरं थोडं थोडं सोडतात. एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स खात्यात उभी हयात गेलेली. हप्ता, मुदत, सवलतीचे दिवस हे शब्द रक्तातच भिनलेले. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?" की उत्तर येतं, "तशी नाही." डॉक्टरांनी नुसतं वर बघितलं की, "म्हणजे एखादी." स्टेथोस्कोप कानाला लागला की, "ऑफिसात दोन." तपासणीच्या टेबलावरून उतरेपर्यंत पाकीट पूर्ण होतं.

अशी माणसं डोंबिवलीत आमच्या सोसायटीत आहेत तशी तुमच्याही घरी असतील. ओळखायची खूण म्हणजे "तसं बघायला गेलं तर". ज्या वाक्याची सुरुवात अशी झाली, त्या वाक्यात कुठेतरी पैसे गेलेले असतात.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे गणपतीच्या वर्गणीच्या नोटिशीपासून पाणी तुंबल्याच्या तक्रारीपर्यंत सोसायटीतला सगळा मजकूर माझ्या हाताखालून जातो. त्याच हक्काने नाना एका संध्याकाळी बाकावर येऊन बसले. नवाकोरा फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "दादा, जरा बघा. हिला पाठवायचाय. शुद्धलेखन तेवढं."

मेसेज चांगला चार वेळा अंगठा सरकवावा लागेल एवढा होता. सुरुवात लग्नाच्या मुहूर्तापासून. मग वहिनींच्या हातची पुरणपोळी, संसाराचा गाडा, नानांच्या आईच्या आजारपणात वहिनींनी काढलेली जागरणं. बाराव्या ओळीच्या सुमारास "मुदत ठेवीच्या बाबतीत काही गोष्टी घडल्या" असं एक वाक्य होतं आणि त्याच्या पाठोपाठ लगेच, "माझा हेतू वाईट नव्हता हे तू जाणतेसच." पुढे नानांची उडालेली झोप, वाढलेलं बीपी, "मी तुझ्या लायकीचा नाही", आणि शेवटी हात जोडलेली चित्रं, तीन.

"काय घडलं?" मी विचारलं.

"एफडी मोडली गेली."

"कोणी मोडली?"

नानांनी समोरच्या पार्किंगकडे पाहिलं. "तसं बघायला गेलं तर, मीच."

पुढचा तासभर हप्ते येत राहिले. ठेव चार लाखांची, नानांच्या एकट्याच्या नावावर, वहिनी नॉमिनी. गेल्या ऑगस्टमध्ये शाळेतला एक मित्र रडत आला, मुलीच्या ॲडमिशनचं अडलं होतं. नानांनी बँकेत जाऊन मुदतीआधी ठेव मोडली. बँकेने रिवाजाप्रमाणे, जेवढे दिवस पैसे राहिले तेवढ्याच दिवसांचा दर लावला आणि वर एक टक्का दंड कापला. ठेव बंद झाल्याचा एसएमएस आला तो नानांच्याच मोबाइलवर, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागला नाही. चार लाख मित्राला गेले. कागद नाही, चेक नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या कामासाठी ठेवीचं विचारायच्या, आणि नाना दर वेळी शांतपणे सांगायचे, "मार्चमध्ये सुटेल."

"त्याने परत काही दिले?"

"दिवाळीत पन्नास हजार."

"ते कुठे आहेत?"

नानांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मीही पाहिलं. वहिनींना हा फोन "जुना देऊन सोळा हजारांत" पडला होता. खरी किंमत अडतीस. म्हणजे कबुलीजबाब ज्या फोनवर लिहिला जात होता तो फोन स्वतःच कबुलीजबाबातलं एक कलम होता, आणि मसुद्यात त्याचा उल्लेख नव्हता.

"ते नंतर सांगीन म्हणतो," नाना म्हणाले. "एकदम सगळं टाकलं तर तिला झेपायचं नाही."

हे "तिला झेपायचं नाही" नानांच्या जातीचं आवडतं औषध आहे. दुखणं यांचं आणि डोस बायकोच्या नावाने. अर्धी कबुली देणाऱ्यांवर मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासही केलाय. 2014 साली अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात तो छापून आला. ज्यांनी सगळं सांगितलं त्यांच्यापेक्षाच नव्हे, तर ज्यांनी काहीच कबूल केलं नाही त्यांच्यापेक्षाही अर्धवट कबुली देणाऱ्यांना अपराधी वाटणं जास्त छळतं, असं त्यात दिसलं. पण मला नानांच्या छळाची तेवढी चिंता नव्हती. आज ठेव आणि पुढच्या महिन्यात फोन असं कळलं, तर वहिनी तिसऱ्या गोष्टीची वाट बघत बसणार. मग नाना दुधाचा हिशेबही खरा सांगायला लागले तरी त्यांना तो दोनदा तपासावा लागणार. मी एवढंच म्हटलं, "नाना, सगळं एकदम, नाहीतर काहीच नको."

मग आम्ही मजकुराला बसलो. पुरणपोळी गेली. सासूबाईंचं आजारपण गेलं, कारण ज्या जागरणांची आठवण चार लाख गेल्यावर निघते ती कृतज्ञता नसते, वशिला असतो. झोप आणि बीपी काढताना नाना फार दुखावले. "पण दादा, ते खरं आहे हो!" खरंच होतं. पण बीपीचं वाचल्यावर बिचाऱ्या वहिनी आधी गोळी घेतली का ते विचारणार, आणि रागवायचा त्यांचा हक्क औषधाच्या डब्यात जाणार. "मी तुझ्या लायकीचा नाही" याचंही तेच. त्यावर समोरच्याला "असं काही नाही हो" म्हणावंच लागतं. ज्याने फसवलं त्याचीच समजूत घालायची पाळी.

"माफ कर" वर आमची खडाजंगी झाली. नानांचं म्हणणं, माफीशिवाय कबुली म्हणजे मिठाशिवाय वरण. मी म्हटलं, चुकलो म्हणा, ते तुमचं तुमच्यापाशी आहे. माफ कर म्हणजे मागणी झाली. ज्या बाईला आत्ताच चार लाखांचं कळलंय तिच्याकडे लगेच आणखी काही मागू नका.

मित्राच्या मुलीचं ॲडमिशनही मी काढायला लावलं. ते खोटं नव्हतं, पण विचारलं तर सांगायचं. बायकोला न विचारण्याचं ते कारण नव्हतंच. खरं कारण नानांनी बऱ्याच वेळाने, अगदी बारीक आवाजात सांगितलं: "विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती." मी म्हटलं, हे लिहा.

एवढं होऊनही काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. मी सहज विचारलं, "मार्चमध्ये सुटेल या भरवशावर वहिनींनी काय काय केलं?" यावर नानांनी कधी विचारच केला नव्हता. बोटं मोजत ते आठवत गेले. स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम ठरवून पुढे ढकललं. धाकट्याची क्लासची फी भरायला भिशी उचलली. आणि नाशिकच्या बहिणीकडून साठ हजार घेतले, "मार्चमध्ये आमची एफडी सुटली की देते" असं सांगून. इथे नाना थांबले. वहिनी व्यवहाराला इतक्या चोख की भाजीवाल्याचे सुटे दोन रुपये राहिले तरी दुसऱ्या दिवशी नेऊन देतात. सख्ख्या बहिणीपाशी त्यांना खोटं पाडलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. "तसं बघायला गेलं तर" हे शब्द त्यानंतर त्या संध्याकाळी नानांच्या तोंडून आले नाहीत.

मजकूर झाला तो असा:

"अगं, आपली चार लाखांची एफडी गेल्या ऑगस्टमध्ये मी मोडली आणि ते पैसे शाळेतल्या मित्राला उसने दिले. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. त्यानंतर तू विचारलंस तेव्हा दर वेळी मी मार्चमध्ये सुटेल म्हणालो. ते खोटं होतं. दिवाळीत त्याने पन्नास हजार परत दिले, तेही मी लपवले. हा फोन सोळाचा नाही, अडतीस हजारांचा आहे. वरचे बावीस हजार त्या पन्नासातले. उरलेले अठ्ठावीस माझ्या खात्यात आहेत. साडेतीन लाख अजून यायचे आहेत, आणि त्याचा कुठलाही कागद माझ्याकडे नाही. माझ्या शब्दावर तू ताईकडून साठ हजार घेतलेस, ओट्याचं काम थांबवलंस, भिशी उचललीस. ताईपाशी तुझा शब्द मी खोटा पाडला. मी चुकलो. बँकेचा उतारा कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. ताईला मी सांगायचं की तू, ते तू ठरव. सात वाजता घरी येतो. विचारशील ते सगळं सांगेन."

शेवटी नानांनी "आज बोलली नाहीस तरी चालेल" असं हळूच जोडलं होतं. चालेल म्हणून परवानगी देणारे हे कोण? काढलं.

मग प्रश्न आला पाठवायचा कधी. नानांची योजना तयार होती. मेसेज टाकायचा, फोन बंद करायचा आणि शिर्डीच्या गाडीत बसायचं. शिवाय व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत मजकूर बदलता येतो, तेवढा एक आधार. मी त्यांना गांधीजींची गोष्ट सांगितली. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्यावर त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली. तोंडाने सांगायचा धीर नव्हता. पण चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली आणि वडील वाचत असताना समोर बसून राहिले. "ते शिर्डीला गेले नव्हते," मी म्हटलं. नाना म्हणाले, "त्यांचं लग्न झालं होतं का तेव्हा?" झालं होतं, पण चिठ्ठी वडिलांना होती, हा मुद्दा मात्र त्यांनी बिनतोड काढला.

शनिवारी दुपारी मेसेज गेला. वहिनींना सुट्टी, धाकटा क्लासला, पाहुणे नाहीत. दोन निळ्या खुणा आल्या आणि सातपर्यंत काहीही आलं नाही. नानांनी तो वेळ माझ्याकडे चार कप चहा पिऊन काढला. घरी गेल्यावर वहिनींचा पहिला प्रश्न होता, "फोनचं बिल कुठंय?" त्यानंतर वहीत लिहून ठेवलेले बाकीचे प्रश्न. मधे एकदाही आवाज चढला नाही. नानांच्या मते हे सगळ्यात वाईट होतं. नेटबँकिंगचा पासवर्ड त्याच रात्री बदलला, आणि तो नानांना आजतागायत माहीत नाही. दोन महिने घरात कामापुरतं बोलणं होतं. ताईला वहिनींनी स्वतः सांगितलं. काय सांगितलं ते नानांना सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी वहिनी नानांना घेऊन मित्राच्या घरी गेल्या. वही उघडून समोर ठेवली. मित्राच्या बायकोने चहा आणला आणि विचारलं, "कसले साडेतीन लाख?"

महिना दहा हजार द्यायचे असा कागद झाला, दोन्ही बायकांच्या सह्यांसकट. त्याच रात्री अकराच्या सुमारास मित्राने नानांना फोन केला. बायको खोलीचं दार उघडत नव्हती, काय लिहू सुचत नव्हतं. नानांनी अनुभवी माणसाच्या जबाबदारीने आपला मेसेज त्याला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "दादांनी तपासलेला आहे. फक्त आकडे बदल."