हिशेबाचं पान लवकरच येत आहे

कोल्हापुरात देवळांना तोटा नाही. एकट्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडेच अंबाबाई, जोतिबासकट तीन हजारांवर देवस्थानं, पार सिंधुदुर्गापर्यंतची. २०२१ च्या नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला ई-पास काढावा लागला आणि देव मोबाइलवरही भेटतो हे पेठेपेठेतल्या विश्वस्तांना पटलं. मग आमच्या पेठेतल्या देवीनं काय घोडं मारलंय? तिचीही वेबसाइट झाली. अध्यक्षांच्या भाच्यानं केली. पहिल्याच पानावर मधोमध अध्यक्ष, कोपऱ्यात देवी. डिजिटल फलकांची सवय, दुसरं काय!

भाच्यानं उत्सवांचं कॅलेंडर झोकात केलं. २०२५ ची घटस्थापना, २२ सप्टेंबर, एकदाच टाकली आणि ‘दरवर्षी’ या चौकोनात टिचकी मारून मोकळा झाला. २०२६ ला मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून घट ११ ऑक्टोबरला बसतात, हे त्याला कोण सांगणार? पुजाऱ्यांनी वेळेत पकडलं, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या तीन दिवस आधीच, गणपती मांडवात असताना, देवी बसली असती. ओरडा खाल्ल्यावर पोरानं सगळंच तिथीला बांधलं, अगदी अंबाबाईचा किरणोत्सवसुद्धा. आता तो तर सूर्याचा कारभार. मावळतीची किरणं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या सुमारास गाभाऱ्यात शिरतात. वाटेत कुणी इमला चढवला तर अडतात, पण पंचांग बघून तारीख बदलत नाहीत.

सेवांच्या पानावर मात्र एक चूक सापडणार नाही. अभिषेक, ओटी, महाप्रसाद, सगळ्याला क्यूआर कोड. ‘यथाशक्ती’लाही कोड आहे, फक्त शक्ती ५०१ च्या खाली चालत नाही.

शेवटी ‘पारदर्शक हिशेब’ नावाचं बटण. दाबलं की, ‘पान लवकरच येत आहे.’

गल्लीत एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ३१ मार्चच्या संध्याकाळी ५०१ रुपयांचा अभिषेक ऑनलाइन लावला. पावती तत्काळ आली, तारीख ३१ मार्च. पुढे कधीतरी ते खजिनदारांकडे गेले आणि म्हणाले, “माझा अभिषेक दाखवा.”

वही उघडली. मार्चमध्ये काकांचा पत्ता नाही. २ एप्रिलला ४९१ रुपये, ‘इतर जमा’.

“दहा रुपये?”

“ते पैसे गोळा करणाऱ्या कंपनीनं कापले.”

“आणि अभिषेक?”

“तो झाला की! देवीला विचारा.”

यात कुणी पैसा खाल्लेला नाही, आणि गंमत तीच आहे. ऑनलाइन पैसे भक्ताच्या खात्यातून निघतात त्या क्षणी देवळाच्या खात्यात पडत नाहीत. मधली कंपनी दिवसभराची गोळाबेरीज करते, आपलं शुल्क कापते आणि एक-दोन दिवसांनी उरलेली रक्कम एकत्र जमा करते. काकांनी तिथंच पाटी मांडली. ३१ मार्चला अभिषेक खात्यात पूर्ण ५०१ जमा, आणि तेवढेच ‘कंपनीकडून येणे’. पैसे आले की ४९१ बँकेत, १० शुल्काच्या खर्चात. मग पावतीपुस्तकाची बेरीज, कंपनीचा तपशील आणि बँकेचा उतारा, तिन्ही जुळतात. खजिनदार बँकेत आलेला आकडाच देणगी म्हणून लिहायचे. त्यामुळे पावत्यांची बेरीज वहीशी कधीच जुळायची नाही, आणि जिथं कधीच काही जुळत नाही तिथं एक पावती खरंच गायब झाली तरी कळणार कसं?

“अहो, पण आम्ही दरवर्षी तपासून घेतलेला हिशेब धर्मादाय कार्यालयात देतो,” खजिनदार दुखावले.

“मग तोच ताळेबंद इथं टाका. आणि शेजारी सेवेनुसार जमा. अभिषेकाचे किती, महाप्रसादाचे किती आले, आणि त्यातले त्याच कामाला किती गेले.”

बैठक बोलावली. पारदर्शकतेवर दोन तास चर्चा झाली, दारं लावून. लोकांना आकडे दाखवले तर लोक आकडे विचारतील, असा मुद्दा उपाध्यक्षांनी मांडला, आणि तो खोडून काढणं कुणालाच जमलं नाही. तरीही अध्यक्ष मोठ्या मनाचे. म्हणाले, “टाकून द्या रं! आपल्यात काय लपवाछपवी?”

दुसऱ्या दिवशी ताळेबंद झळकला. खजिनदारांनी स्वतः मोबाइलवर फोटो काढलेला, आडवा. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलाय. अंगठा अखेरच्या शिलकेवर आहे. काकांनी तक्रार केली तेव्हा भाच्यानं फोटो तत्परतेनं सरळ केला. आता अंगठा उभा दिसतो, आणि त्याच्या खाली नवा क्यूआर कोड आलाय: ‘वेबसाइट देखभाल निधी, यथाशक्ती.’