बुधवारी धावू नका!

पहिल्यांदा पाच किलोमीटर धावायचं ठरलं की माणूस आधी काय करतो? बूट घेतो. मग मोबाईलवर रोज पहाटेचा अलार्म लावतो. बूट योग्यच. अलार्म चुकला.

रोज नाही. आठवड्यातून तीनदा.

नवशिक्यांसाठीचा सगळ्यात गाजलेला आराखडा जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने 1996 मध्ये आखला. नऊ आठवडे, दर आठवड्याला तीन दिवस. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने पुढे तोच स्वीकारला आणि आज जगभर लोक त्यावरच धावायला शिकतात. तीन दिवस सगळे काटेकोर पाळतात. उरलेले चार कुणी पाळत नाही.

आणि पाय दुखावतो तो त्या चार दिवसांमुळे.

कारण साधं आहे. दम लवकर वाढतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. ताण पडला की हाड आधी जुना भाग काढतं आणि मग नवा भरतं. ही डागडुजी चालू असताना ते जरा कच्चं असतं. तिसऱ्या आठवड्यात छाती म्हणते, ‘अजून धाव.’ नडगीला कुणी विचारतं का?

आता प्रत्यक्ष आठवडा लावून बघू. समजा, ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत. डबे करून नऊच्या आत घराबाहेर पडायचं असतं. त्यांनी मंगळवार, गुरुवार आणि रविवार धरले. सलग दोन दिवस कुठेही नाहीत. एवढी मांडणी जमली की निम्मं काम झालं.

आठवण किती वाजता हवी? पहाटे नको. आदल्या रात्री नऊला.

पहाटे पावणेसहाला माणूस काही ठरवत नाही, तो फक्त अलार्म बंद करतो. जेवण कधी, झोप कधी, कपडे कुठे, हे सगळं रात्रीच ठरतं. म्हणून सोमवार, बुधवार आणि शनिवारची रात्र. धावण्याच्या तीन आठवणी, चौथी नको.

मजकूर काय? ‘चला, आज स्वतःला जिंका!’ असलं काही नको. ते बोटाने सरकवलं जातं, चौथ्या दिवसापासून तर न वाचताच. आठवणीत काम लिहा. बाईंच्या पहिल्या सोमवारी रात्री मोबाईलवर हे यावं: ‘उद्या 5:50. पाच मिनिटं भरभर चाल. मग 60 सेकंद धाव, 90 सेकंद चाल, असं आठ वेळा. कपडे बाहेर काढून ठेव.’

बेरीज करा. पहिल्या दिवशी एकूण धाव आठ मिनिटं.

‘एवढंच?’ हो, एवढंच. आणि तेही सावकाश. धावताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त आहे, वय नव्हे. पहिल्या आठवड्यात हार मानणारे बहुतेक जण धावायला कमी पडत नाहीत, ते फार जोरात धावतात.

आता सुट्टीचे दिवस. त्यांनाही सूचना लागते, आणि ती जास्त कडक हवी.

बुधवारी सकाळी मोबाईलवर यावं: ‘आज धावायचं नाही. नडगी तपास.’ खुर्चीत बसा. नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत न्या. कुठेच दुखत नसेल तर उत्तम. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात ठणका असेल तर ताण वाढलाय. गुरुवार गाळा, चालणं ठेवा, आणि दुखणं गेलं की मागच्या आठवड्याचं काम पुन्हा करा. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, तिथे दाबलं की कळ येत असेल, नुसतं चालतानाही किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर? धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. न तपासता धावलं तर दोन महिने जातात.

मांड्या-पोटऱ्या जड वाटणं वेगळं. ते स्नायूंचं दुखणं, दोन्ही पायांत सारखं, एक-दोन दिवसांत आपोआप जाणारं. त्याला घाबरू नका. एकाच पायात, एकाच जागी आणि रोज थोडं वाढणारं दुखणं, घाबरायचं ते त्याला.

खरी परीक्षा पाचव्या आठवड्यात येते. मंगळवारी पाच-पाच मिनिटांच्या तीन धावा. गुरुवारी आठ-आठ मिनिटांच्या दोन. आणि रविवारी? सलग वीस मिनिटं, मध्ये चालणं नाही. आकडा बघूनच पोटात गोळा येतो. मग शुक्रवारी माणूस ‘जमतंय का बघू’ म्हणून रंगीत तालीम करून येतो.

रविवारी वीस मिनिटं न जमण्याचं कारण ती तालीमच असते.

त्या शुक्रवारची सूचना आत्ताच लिहून ठेवा: ‘आज आणि उद्या धाव नाही. रविवारचं रविवारी.’ चालायला जा, दळण आणा, जिने चढा. रविवारी नेहमीपेक्षाही सावकाश सुरू करा. तरीही बाराव्या मिनिटाला थांबावं लागलं, तर पुढच्या मंगळवारी पाचवा आठवडाच पुन्हा धरा. नऊ आठवड्यांचे अकरा झाले, तर कुणाचं काय अडलं?

इथेच बहुतेक आठवणी गंडतात. त्या तारखेवर चालतात. गणपतीत पूर्ण आठवडा गेला तरी मोबाईल पुढच्याच आठवड्याचं काम दाखवतो. त्याचं ऐकू नका. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करा आणि त्यानंतरचा दिवस मोकळा ठेवा. आठवडा चुकला तर एक आठवडा मागे या. बुडालेलं काम एकाच दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, कधीच.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर पहिल्या आठवणीच्याही आधी डॉक्टर. धावताना छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. यात चर्चा नाही.

आणि शेवटचा हिशेब, जो सुरुवातीला कुणी सांगत नाही. नवव्या आठवड्याअखेर तुम्ही सलग तीस मिनिटं धावता. पाच किलोमीटर नव्हे! एका किलोमीटरला आठ मिनिटं लागत असतील, तर तीस मिनिटांत पावणेचारच होतात. आराखडा फसला का? नाही. त्याने पायाला वेळ सोसायला शिकवलं, अंतर नंतर येतं.

म्हणून नऊ आठवडे संपल्यावर आठवणी बंद करू नका. मंगळवार आणि गुरुवार तीसच मिनिटं ठेवा. फक्त रविवारी पाच मिनिटं वाढवा, पुढच्या रविवारी आणखी पाच. चाळीस झाली की याच वेगाने पाच किलोमीटर पूर्ण होतात. स्पर्धेचं नाव नोंदवायचं असेल तर आजपासून बारा आठवड्यांनंतरची तारीख बघा, त्याआधीची नको.